गच्चीवरचा दिवा लावला की पाण्याची मोटर का सुरू होते?

अर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर काम सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक समज असतो: पिनला काही जोडलेलं नसेल, तर तिथे शून्य व्होल्ट असणार. हा समज चुकीचा आहे आणि तो किती महागात पडतो, हे पाण्याच्या टाकीवर फार स्पष्ट दिसतं.

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून येतं आणि बऱ्याच वस्त्यांमध्ये ते एक दिवसाआड मिळतं. म्हणून ते आधी खालच्या हौदात साठवायचं आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटर आपोआप चालू-बंद व्हावी यासाठी हौशी मंडळी टाकीत फ्लोट स्विच सोडतात आणि त्याच्या दोन तारा खाली अर्डुइनो उनोपर्यंत आणतात. एक तार ग्राउंडला, दुसरी डिजिटल पिनला. टाकी रिकामी झाली की स्विचचा संपर्क जुळतो, पिन ग्राउंडला टेकते आणि शून्य वाचलं जातं. मग मोटर सुरू.

टाकी भरली की संपर्क सुटतो. आता पिन कशाला जोडलेली आहे? कशालाच नाही.

उनोमधल्या एटीमेगा ३२८पी या चिपच्या इनपुटला मॉसफेट या ट्रान्झिस्टरचं गेट असतं. गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा पातळ इन्सुलेटर असतो, त्यामुळे गेटमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. चिपच्या माहितीपत्रकात गळतीची कमाल मर्यादा फक्त १ मायक्रोअँपिअर दिली आहे. म्हणजे पिन हा एक चिमुकला कपॅसिटर झाला, साधारण १० पिकोफॅरडचा. त्यावर इकडून तिकडून जो विद्युतभार येऊन बसेल, तेच त्याचं व्होल्टेज. हात जवळ नेला तरी ते बदलतं. गंमत म्हणजे मल्टिमीटर लावला की बिघाड सापडतच नाही, कारण मीटरचा स्वतःचा सुमारे १० मेगाओहमचा रोध पिनला हळूच शून्याकडे ओढतो.

यावरचा उपाय म्हणजे पुल-अप रेझिस्टर. पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये एक रेझिस्टर लावायचा. जाळीच्या दाराला स्प्रिंग असते तसंच हे आहे. कोणी ढकलत नसेल तेव्हा दार आपलं आपण बंद राहतं, ढकललं की उघडतं. संपर्क सुटलेला असताना रेझिस्टर पिनला ५ व्होल्टवर ठेवतो. संपर्क जुळला की ग्राउंडची ओढ त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ठरते.

चिपच्या आत असा रेझिस्टर तयारच असतो आणि तो एका ओळीत चालू होतो:

```
pinMode(2, INPUT_PULLUP);
```

टेबलावरच्या बटणाला एवढं पुरेसं आहे. गच्चीवरून आलेल्या तारेला मात्र पुरत नाही.

एका घराचा हिशोब करून बघू. फ्लोटची तार १५ मीटर लांब आहे आणि गच्चीच्या दिव्याची २३० व्होल्टची वायर गेली आहे त्याच पीव्हीसी पाइपातून ती खाली आली आहे. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन तारा मिळून लांबट कपॅसिटर होतो. मीटरमागे ढोबळ ५० पिकोफॅरड धरले, तर १५ मीटरला ७५० पिकोफॅरड झाले. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ४.२ मेगाओहम येतो. म्हणजे दिवा लावला की फेजच्या वायरमधून फ्लोटच्या तारेत सुमारे ५४ मायक्रोअँपिअर झिरपतात, शिखरावर ७७. तारा कुठेही टेकलेल्या नाहीत, इन्सुलेशन शाबूत आहे, तरीही.

हा प्रवाह पुल-अपमधून वाहणार आणि V = I × R प्रमाणे तिथे व्होल्टेज पडणार. आतल्या पुल-अपची किंमत २० ते ५० के, म्हणजे किलोओहम, अशी कुठेही असू शकते. ती ५० के निघाली तर ७७ मायक्रोअँपिअरमुळे ३.८ व्होल्ट पडतात आणि पिन ५ वरून १.२ व्होल्टपर्यंत खाली येते. ५ व्होल्टवर चालणारी ही चिप १.५ च्या खालचं सगळं शून्य मानते आणि ३ च्या वरचं सगळं एक. मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल याची हमी नाही. प्रत्येक आवर्तनात पिन जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद १.५ च्या खाली असते, पण प्रोग्रॅमला तेवढा वेळ भरपूर झाला. टाकी भरलेली असते आणि मोटर सुरू होते, तीही रात्री, दिवा लावल्यावरच. अशा वेळी घराला बाधा आहे म्हणत मीटरच्या पेटीला लिंबू-मिरच्या बांधण्याऐवजी दिवा बंद करून पाहावं. त्याच सर्किटमध्ये २० केची चिप आली तर पिन ३.४ च्या खाली उतरत नाही आणि शेजारच्या घरी तीच जोडणी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते.

खात्री करायची असेल तर पुल-अप चालू आणि संपर्क सुटलेला ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा. ३५ केच्या आसपासचा पुल-अप असेल तर या तारेवर एक-दोन व्होल्ट दिसतील. दिवा बंद केल्यावर आकडा कोसळला, तर कारण सापडलं.

म्हणून बाहेरून लहान रेझिस्टर लावायचा. ४.७ के लावला तर तेच ७७ मायक्रोअँपिअर फक्त ०.३६ व्होल्ट पाडतात. पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडपेटीत ओल शिरून तारांमध्ये १०० केची गळती झाली, तरी पिन ४.७८ व्होल्टवर टिकते. तिथे १०० केचा पुल-अप असता तर पिन २.५ वर, म्हणजे नेमकी बेभरवशाच्या पट्ट्यात गेली असती.

मग आणखी लहान का नको? कारण फ्लोटचा संपर्क कायम स्वच्छ राहत नाही. त्यावर ऑक्साइडचा थर चढून ५०० ओहमचा अडथळा तयार झाला असं समजा. १ केचा पुल-अप असेल तर संपर्क जुळूनही पिन १.६७ व्होल्टवर अडते, शून्य वाचलं जाण्याची खात्री उरत नाही आणि टाकी रिकामीच राहू शकते. २.२ के असेल तर ०.९३ व्होल्ट येतात, म्हणजे काम होतं. मात्र फार मोठा रेझिस्टरही संपर्काला मानवत नाही. मोटरच्या प्रवाहासाठी बनवलेल्या संपर्कातून काही मिलिअँपिअर तरी वाहिले तर तो थर फुटायला मदत होते. २.२ केमधून २.३ मिलिअँपिअर जातात.

म्हणून इथे २.२ के योग्य: लाल, लाल, लाल, सोनेरी, पाव वॅटचा. संपर्क जुळलेला असताना तो अवघे ११ मिलिवॅट खातो. घरच्या विजेवर हे नगण्य आहे, पण ३ व्होल्टच्या सीआर२०३२ सेलवर चालणाऱ्या यंत्रात हिशोब उलटतो. तिथे १० केसुद्धा संपर्क सतत जुळलेला असेल तर २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल महिनाभरात संपवतो, म्हणून मोठी किंमत घेऊन तार आखूड ठेवावी लागते.

फ्लोटची तार वेगळ्या पाइपातून न्यायची ती न्यायचीच. २३० व्होल्टच्या वायरचं इन्सुलेशन फाटलं तर कुठलाही पुल-अप वाचवणार नाही. आणि रेझिस्टर गच्चीवर नको, अर्डुइनोच्या पिनजवळ लावायचा. मग उंदराने तार कुरतडून तोडली तरी पिन ५ व्होल्टवरच राहते, 'टाकी भरली' असं वाचलं जातं आणि मोटर बंद राहते. त्या तारा एकमेकींना चिकटल्या तर मात्र टाकी कायम रिकामी दिसेल, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये मोटरला वेळेची मर्यादा घालावी: टाकी भरायला २५ मिनिटं लागत असतील तर ३५ मिनिटांनी मोटर बंद.