प्रसामान्य वितरण सारणी : दिलेल्या गुणांच्या वर असलेल्या विद्यार्थ्यांचे शेकडा प्रमाण

एखाद्या परीक्षेतील गुण सरासरीजवळ दाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे सारखेच विरळ होत गेलेले, म्हणजे साधारणपणे प्रसामान्य वितरणाला धरून असतील, तर प्रत्येकाचे गुण हाताशी नसतानाही, केवळ सरासरी आणि प्रमाण विचलन यांवरून, अमुक गुणांच्या वर शेकडा किती विद्यार्थी आहेत हे सारणीच्या साहाय्याने काढता येते.

समजा, गोव्यातील फोंडा तालुक्यात अकरावीच्या ४०० विद्यार्थ्यांनी दिलेल्या १०० गुणांच्या गणिताच्या परीक्षेत सरासरी ५८ आणि प्रमाण विचलन १२ आले. ७५ च्या वर किती जण, हे पाहण्यासाठी ७५ ही संख्या सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे, ते आधी काढावे लागते :

z = (७५ − ५८) ÷ १२ ≈ १.४२

सारणीत डावीकडच्या स्तंभात १.४ ची ओळ आणि वरच्या ओळीत ०.०२ चा स्तंभ जिथे मिळतात, तिथे ०.९२२२ ही संख्या आढळते. हे वक्राखालील डावीकडचे क्षेत्रफळ, म्हणजे ७५ पर्यंतच्या विद्यार्थ्यांचा वाटा होय. तो १ मधून वजा केल्यावर ०.०७७८, म्हणजे ७.७८ टक्के, सुमारे ३१ विद्यार्थी मिळतात.

विद्यार्थ्यांची खरी फसगत होते ती सारणीचा प्रकार न पाहिल्याने. काही पुस्तकांतील सारणी मध्यापासूनचे क्षेत्रफळ देते, तिथे १.४२ समोर ०.४२२२ असते आणि ते ०.५ मधून वजा करायचे असते. ओळखण्यासाठी ०.०० समोरची नोंद पाहावी. ती ०.०००० असेल, तर सारणी मध्यापासूनची आहे. ०.५००० असेल आणि पुढे संख्या वाढत गेल्या, तर ती डावीकडची. घटत गेल्या, तर उजवीकडची, आणि मग वजाबाकीच नको. गुण सरासरीहून कमी असतील, तर उत्तर ५० टक्क्यांहून अधिकच यायला हवे : ४० गुणांसाठी झेड-मूल्य उणे १.५ येते आणि त्यांच्या वर ९३.३२ टक्के विद्यार्थी असतात.

गुण पूर्णांकांत दिले जातात, वक्र मात्र अखंड असतो. त्यामुळे ‘७५ किंवा अधिक’ साठी ७४.५ आणि ‘७५ हून अधिक’ साठी ७५.५ घेणे अधिक काटेकोर ठरते. मग उत्तरे अनुक्रमे सुमारे ८.५ आणि ७.२ टक्के, म्हणजे जवळपास ३४ आणि २९ विद्यार्थी अशी येतात. डिस्टिंक्शनच्या सीमेवर हा पाच जणांचा फरक किरकोळ म्हणता येत नाही.

वितरणच प्रसामान्य नसेल, तर सारणी बिनचूक वाचूनही उत्तर चुकते. सोप्या पेपरात सरासरी ८५ आणि प्रमाण विचलन १२ असल्यास, हीच रीत १०० च्या वर १०.५६ टक्के विद्यार्थी दाखवते, जे अशक्य आहे. आधीच्या उदाहरणात मात्र १०० च्या वरचा वाटा अवघा ०.०२ टक्के येतो. उत्तीर्णतेच्या रेषेपाशीही, वाढीव गुण देऊन तिथे विद्यार्थ्यांची गर्दी झालेली असल्यास, सारणीपेक्षा प्रत्यक्ष मोजणीच ग्राह्य धरावी.