पुढचा दोन आणि पायाशी बसलेला दोन

2H₂O. एवढ्याशा जागेत दोन दोन बसलेत. पहिला ठसठशीत, सूत्राच्या पुढे उभा. दुसरा बारीक, हायड्रोजनच्या पायाशी. पुढच्याला सहगुणक म्हणतात, खालच्याला पादांक. नववीतल्या बऱ्याच मुलांना दोन्ही व्याख्या पाठ असतात, तरी समीकरण संतुलित करायला दिलं की हात जातो तो खालच्या आकड्याकडेच. तो बदलणं सोपं जातं, बेरीजही जुळते आणि उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं.

हा गोंधळ फळ्यावर कितीही समजावला तरी पुरा सुटत नाही, कारण फळ्यावर दोन्ही खडूचेच आकडे असतात. कागदी अणू मात्र या दोन आकड्यांसाठी हातांना दोन वेगळी कामं देतात. आमच्याकडे कोल्हापुरात छापखान्यांतून लग्नपत्रिकांच्या जाड कार्डांची कात्रणं मिळतात, ती यासाठी उत्तम. साधा वहीचा कागद घेऊ नये, पंखा लावला की सगळे अणू बाकाखाली जातात. बाटलीचं झाकण ठेवून पांढरे लहान गोल आखायचे, ते हायड्रोजन. बांगडी ठेवून लाल मोठे गोल आखायचे, ते ऑक्सिजन. हायड्रोजनवर १ आणि ऑक्सिजनवर १६ हे अणुवस्तुमान लिहून ठेवायचं. त्याचं काम पुढे पडतं.

मग डिंक. H₂ म्हणजे दोन पांढरे गोल एकमेकांना चिकटवलेले. O₂ म्हणजे दोन लाल चिकटवलेले. H₂O म्हणजे एका लालला दोन पांढरे. या चिकटवण्यातून जो आकडा येतो तो पादांक. असे तयार रेणू पुरेसे करून, वाळवून ठेवले की डिंकाची बाटली टेबलावर परत न्यायची. तास इथून पुढे डिंकाशिवाय चालतो. बाकावर एका प्रकारचे किती रेणू मांडले, तो सहगुणक. म्हणजे 2H₂O लिहायचं तर पाण्याचे दोन सुटे तुकडे शेजारी ठेवायचे, आणि पांढरे गोल मोजले की चार भरतात. ‘पुढचा दोन फक्त हायड्रोजनला लागतो, ऑक्सिजनला नाही’ असं समजणाऱ्या मुलाला इथे काही सांगावंही लागत नाही, कारण त्याच्यासमोर लाल गोलही दोनच असतात.

आता मुख्य उदाहरण. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी:

H₂ + O₂ → H₂O

मुलं बाकावर डावीकडे एक H₂ आणि एक O₂ ठेवतात, उजवीकडे एक H₂O. मधे खडूने बाण. मोजलं तर डावीकडे दोन लाल, उजवीकडे एक. आणि इथे कुठल्यातरी बाकावरून हमखास आवाज येतो, “सर, पाण्याला अजून एक लाल चिकटवला की झालं की!”

त्याला अडवू नये. या एकाच वेळी डिंक परत द्यावा आणि त्याला लाल गोल चिकटवू द्यावा. समीकरण होतं H₂ + O₂ → H₂O₂. आता मोजायला सांगावं. पांढरे दोन आणि दोन. लाल दोन आणि दोन. गोलांवरच्या आकड्यांची बेरीज डावीकडे २ + ३२, म्हणजे ३४, आणि उजवीकडेही ३४. अणू जुळले, वस्तुमानही जुळलं. द्रव्य अक्षय्यतेचा नियम इथे कुठेच मोडलेला नाही. पादांक बदलणं चूक का, याचं उत्तर ‘अणूंची संख्या जुळत नाही म्हणून’ असं देणाऱ्या शिक्षकाची इथे अडचण होते, कारण संख्या तर नेमकी जुळलेली असते.

चूक दुसऱ्या नियमाने पकडली जाते, आणि तो नववीच्याच ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात आहे: स्थिर प्रमाणाचा नियम. पाणी कुठल्याही विहिरीचं असो, पंचगंगेचं असो की प्रयोगशाळेत बनवलेलं, शुद्ध पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं वस्तुमानी प्रमाण १ : ८ असतं. बाकावरच्या पाण्याच्या तुकड्यात २ आणि १६ आहेत, म्हणजे १ : ८ च. मुलाने चिकटवलेल्या नव्या तुकड्यात २ आणि ३२ आहेत, म्हणजे १ : १६. ते पाणी उरलंच नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. १८१८ मध्ये फ्रान्सच्या थेनार या रसायनशास्त्रज्ञाने ते शोधलं. त्याचं पातळ द्रावण औषधाच्या दुकानात मिळतं, जखमेवर घातलं की फेसाळतं. तो फेस म्हणजे त्याचं विघटन होऊन निघणारा ऑक्सिजन. पाणी जखमेवर ओतलं तर असं काही होत नाही. एका लाल गोलाने आणि डिंकाच्या एका थेंबाने पदार्थच बदलला.

मला वाटतं, दोन आकड्यांतला फरक सांगायची हीच खरी जागा आहे. सहगुणक सांगतो पदार्थ किती, पादांक सांगतो पदार्थ कुठला. संतुलन करताना आपल्याला ‘किती’ एवढंच ठरवायचं असतं. ‘कुठला’ हे अभिक्रियेने आधीच ठरवलेलं असतं.

म्हणून तो तुकडा बाजूला ठेवून, डिंक बंद करून पुन्हा सुरुवात. उजवीकडे ऑक्सिजन कमी आहे ना, मग पाण्याचा आख्खा तुकडा आणखी एक ठेवा. आता लाल दोन आणि दोन. पण पांढरे उजवीकडे चार झाले, डावीकडे दोनच. पहिला गोंधळ मिटवताना दुसरा उभा राहिला की मुलं मागे फिरतात, पाण्याचा तुकडा उचलायला बघतात. थांबवावं आणि डावीकडे काय वाढवता येईल एवढंच विचारावं. आणखी एक H₂ येतो आणि काम होतं:

2H₂ + O₂ → 2H₂O

डावीकडे ४ + ३२, उजवीकडे दोन वेळा १८. दोन्हीकडे ३६.

काही मुलं उलट बाजूने पळवाट काढतात. ती पाण्याला हात लावत नाहीत, डावीकडचा O₂ मधोमध फाडतात आणि एक लाल गोल खिशात घालतात. समीकरण होतं H₂ + O → H₂O. मोजणी पुन्हा बिनचूक, चूकही तीच, पादांक बदलला. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये दोन-दोन अणू जोडीने असतात, सुटा अणू बाटलीत भरून मिळत नाही. अभिक्रिया होताना जोड्या तुटतात हे खरं, पण समीकरणाच्या डाव्या बाजूला आपण सुरुवातीला काय होतं ते लिहितो. हुशार मुलगी विचारेल, मग अर्धा O₂ चालेल का? वरच्या वर्गांत ½O₂ लिहितातही, कारण तिथे आकडा मोल मोजतो आणि अर्धा मोल घेता येतो. बाकावर आपण रेणू मोजतोय, आणि अर्धा रेणू म्हणजे पुन्हा सुटा अणूच. सगळं दुपटीने घेतलं की प्रश्न मिटतो.

दुसरं उदाहरण मी लोखंडाचं घेतो. शिरोलीच्या फाउंड्रीत घरातलं कुणी कामाला असलेली मुलं वर्गात असतातच, आणि उघड्यावर पडलेल्या कास्टिंगवर पावसाळ्यात चढणारा तांबूस थर त्यांनी पाहिलेला असतो. खऱ्या गंजात पाणीही असतं. नववीसाठी ते बाजूला ठेवून एवढंच लिहू:

Fe + O₂ → Fe₂O₃

लोखंडाचे गोल करड्या कार्डाचे, त्यांवर ५६. इथे डावीकडचे करडे गोल सुटेच ठेवायचे, एकालाही डिंक नाही. उजवीकडच्या तुकड्यात मात्र दोन करडे आणि तीन लाल चिकटलेले. लाल गोल डावीकडे दोनाच्या पटीत येतात, उजवीकडे तिनाच्या. दोघांचा लसावि सहा. म्हणून डावीकडे तीन O₂, उजवीकडे दोन Fe₂O₃. मग करडे उजवीकडे चार होतात, तेवढे सुटे गोल डावीकडे:

4Fe + 3O₂ → 2Fe₂O₃

२२४ + ९६ म्हणजे ३२०, आणि उजवीकडे दोन वेळा १६०. इथे वहीत काही जण डावीकडे 4Fe ऐवजी Fe₄ लिहितात. त्यांना बाकाकडे बघायला सांगावं. चार गोल चिकटलेत की सुटे आहेत? सुटे. मग चार पुढे.

या उदाहरणात कागदाची मर्यादाही उघड सांगायला हवी. पाण्याचा तुकडा खरंच एका रेणूचं चित्र आहे. Fe₂O₃ चा तसा सुटा रेणू नसतो. त्या स्फटिकात लोखंड आणि ऑक्सिजन दोनास तीन या प्रमाणात पसरलेले असतात, आणि आपला तुकडा फक्त ते प्रमाण दाखवतो. लोखंडाचे अणूही धातूत असे वेगवेगळे पडलेले नसतात. गोलांच्या आकारावरूनही वजन काढू नये. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनपेक्षा सोळा पट जड आहे, पण बांगडीचा गोल झाकणाच्या सोळा पट नाही. म्हणूनच वर आकडा लिहिलेला.

कंसाचं एक राहिलं. चुन्याच्या निवळीत असतं ते Ca(OH)₂. इथला दोन कंसाबाहेर असतो, अख्ख्या गटाला गुणतो, त्यामुळे तो सहगुणकासारखा वाटतो आणि मुलं तो बिनधास्त बदलतात. कागदावर करून पाहिलं की कळतं: एका कॅल्शियमला OH चे दोन जोड डिंकाने चिकटवावे लागतात. डिंक लागला, म्हणजे पादांकच. निवळीवर हायड्रोक्लोरिक आम्लाची अभिक्रिया Ca(OH)₂ + 2HCl → CaCl₂ + 2H₂O अशी लिहितात. तिच्यात पाच दोन आहेत, त्यातले तीन डिंकाचे आणि दोन मांडणीचे. मुलांना कोणते कुठले ते बोटाने दाखवायला लावावं.

वहीत उतरवताना सूत्रं आधी शाईच्या पेनने लिहून घ्यावीत, सहगुणक नंतर पेन्सिलने. खोडरबर फक्त पुढच्या आकड्यावर चालेल. शाईतला आकडा खोडलेला दिसला, तर त्या मुलाने कुठे पादांक बदलला ते वही तपासताना लगेच सापडतं.