फोटोंच्या बॅकअपची पडताळणी

फोटोंच्या बॅकअप प्रती डिस्कवर नुसत्या दिसतात की खरोखर उघडतात, हे तपासण्याची पद्धत. चेकसम जुळवणे आणि काही फोटो अधूनमधून परत उतरवून पाहणे, असे तिचे दोन भाग आहेत.

फोल्डर उघडून छोटी चित्रे पाहणे म्हणजे पडताळणी नव्हे. कॅमेऱ्याच्या जेपेग फाइलमध्ये सुरुवातीलाच एक लहान चित्र वेगळे साठवलेले असते आणि अनेक प्रोग्रॅम तेच दाखवतात. त्यामुळे मूळ फोटो मधूनच बिघडला तरी यादीत तो ठणठणीत दिसतो. उघडल्यावर मात्र एका ओळीपासून खाली रंग बदललेले किंवा सरळ करडा पट्टा. फाइलचा आकार आणि तारीखही बहुधा तीच राहते, म्हणून केवळ या दोन गोष्टी पाहणाऱ्या बॅकअप प्रोग्रॅमला काहीच खटकत नाही.

चेकसम म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. SHA-256 चा आकडा 64 अक्षरी असतो आणि एक बिट बदलला तरी तो पार वेगळा येतो. लिनक्सवर मूळ फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन यादी अशी करतात :

```
find . -type f -exec sha256sum {} + > ../yadi.sha256
```

ही यादी बॅकअपच्या फोल्डरशेजारी ठेवून, त्या फोल्डरमधून जुळणी करतात :

```
sha256sum --quiet -c ../yadi.sha256
```

सगळे ठीक असेल तर काहीही छापले जात नाही. समजा, `./2016/IMG_2041.JPG: FAILED` असे आले. लगेच मूळ फाइल बॅकअपवर चढवायची घाई करू नये, कारण बिघाड मूळ फाइलमध्येही असू शकतो. आधी तिचा चेकसम यादीशी ताडावा. तो जुळला तर बॅकअपची प्रत खराब. तोही जुळला नाही, तर यादी केल्यानंतर मूळ फाइल बिघडली आहे किंवा कुणी बदलली आहे. फोटोला तारे दिले, मथळा लिहिला, की काही प्रोग्रॅम ते फाइलमध्येच लिहितात आणि चेकसम बदलतो; तेव्हा बदलाची तारीख सहसा पुढे सरकलेली दिसते. नुकतीच कॉपी केलेली फाइल संगणक मेमरीतूनच वाचू शकतो, म्हणून डिस्क रीतसर काढून, पुन्हा जोडून मग जुळणी करणे बरे.

यादी करतानाच फोटो खराब असेल, तर चेकसम त्या खराब फाइलचीच इमानेइतबारे ग्वाही देतो. यादीत नसलेल्या नव्या फाइलींबद्दल तर तो अवाक्षर काढत नाही. म्हणून दुसरा भाग : निरनिराळ्या वर्षांचे काही फोटो आणि एखादा व्हिडिओ रिकाम्या फोल्डरमध्ये, जमल्यास दुसऱ्या संगणकावर, परत उतरवायचे आणि पूर्ण आकारात पाहायचे. बॅकअप कूटबद्ध असेल तर पासवर्ड साठवलेला नसलेला संगणकच घ्यावा. प्रती शाबूत आणि पासवर्ड मात्र कुणालाच आठवत नाही, ही गत तिथेच कळते.