मिनॉक्सिडिल एप्रिलमध्ये बंद, केसगळती जुलैमध्ये: यामागची गोष्ट

दरवर्षी जुलै लागला की नागपुरातल्या धंतोलीच्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर केसगळतीवाले वाढतात. पावसात भिजलो, बोअरचं पाणी खारं आहे, शांपू बदलला, हेल्मेटमध्ये घाम येतो, कारणं सगळे सोबत घेऊनच येतात आणि त्यातली काही खरीही असतात. पण मी बहुतेकांना आधी एकच विचारतो, केस वाढवायला टाळूवर लावतात ते मिनॉक्सिडिल लावत होता का आणि उन्हाळ्यात सोडलं का? निम्म्या वेळा उत्तर हो येतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, डोक्याला दुपट्टा बांधून गाडी चालवायची, त्यात टाळूवर ते चिकट लोशन, घामासोबत कपाळावर ओघळतं, खाज सुटते, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. माणूस म्हणतो जाऊ दे, दोन महिने आराम देऊ डोक्याला. आणि गंमत अशी की त्या दोन महिन्यांत काहीच होत नाही, म्हणून त्याला वाटतं औषधाची गरजच नव्हती. मग जुलैत उशीवर, बाथरूमच्या जाळीवर केस दिसायला लागतात आणि दोष जातो पावसाला.

हे नीट समजायला थोडं मागं जावं लागतं.

मिनॉक्सिडिल केसांसाठी शोधलेलंच नाही. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीत ते रक्तदाबाचं औषध म्हणून पुढं आलं, रक्तवाहिन्या सैल करणारं आणि चांगलंच जोरदार. १९७१ च्या सुमारास कोलोरॅडो विद्यापीठात डॉ. चार्ल्स चिडसी ते बीपीच्या पेशंटवर तपासत होते तेव्हा गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढताना दिसले. तिथल्याच त्वचारोग विभागातले गुंटर कान आणि पॉल ग्रँट यांना हे कळलं आणि त्यांनी गोळीचं द्रावण करून ते कातडीवर लावून पाहिलं, स्वतःवर सुद्धा. पुढे पेटंटवरून बरीच वर्षं वाद चालला, शेवटी कान यांचं नाव संशोधक म्हणून त्यात आलं. गोळीला १९७९ मध्ये मंजुरी मिळाली, पण तीव्र आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या बीपीसाठी. केसांसाठी २ टक्क्यांचं लोशन १९८८ मध्ये पुरुषांसाठी मंजूर झालं, १९९१ मध्ये बायकांसाठी, आणि १९९६ पासून तिकडे ते चिठ्ठीशिवाय मिळायला लागलं.

माझ्या मते अर्धा घोळ या शेवटच्या टप्प्यावर झाला. चिठ्ठी गेली, म्हणजे डॉक्टरने समोर बसवून "हे सोडलं तर काय होईल" हे सांगायची जागाच गेली. बाटलीवरच्या कागदात लिहिलेलं असतं, पण तो कागद वाचतो कोण.

सोडल्यावर काय होतं हा प्रश्न मात्र डॉक्टरांनी तेव्हाच विचारला होता. सगळ्यात स्वच्छ उत्तर मिळालं ते १९९९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, कॅलिफोर्नियातल्या व्हेरा प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या. मला तो आवडतो कारण त्यांनी फोटो बघून "छान वाटतंय" असं म्हटलं नाही, त्यांनी टाळूवरचा एक ठरलेला छोटा चौकोन घेतला, त्यातले केस ठराविक अंतराने कापले, मोजले आणि चक्क वजन केलं. पुरुषांचे चार गट होते, एकाला ५ टक्के, एकाला २ टक्के, एकाला औषध नसलेलं नुसतं द्रावण, आणि एकाला काहीच नाही. ९६ आठवडे असं चाललं. औषधवाल्या गटांमध्ये केसांचं वजन वाढलं, बाकीच्यांचं हळूहळू कमी होत गेलं. मग सगळ्यांचं औषध बंद केलं आणि पुढचे २४ आठवडे मोजणी चालू ठेवली. त्या २४ आठवड्यांत औषधवाल्यांचे केस खाली येऊन नुसत्या द्रावणवाल्यांच्या पातळीला पोचले.

इथे एक गोष्ट शांतपणे वाचा, कारण सगळी भीती इथंच तयार होते. ते केस सुरुवातीच्या पातळीला नाही आले, औषध न लावणाऱ्यांच्या *आजच्या* पातळीला आले. म्हणजे दोन वर्षांत टक्कल जेवढं आपोआप पुढं सरकलं असतं तेवढं सरकलेलंच होतं, मिनॉक्सिडिलने ते झाकून धरलं होतं. म्हणून सोडणारा माणूस आपला दोन वर्षांपूर्वीचा फोटो काढतो आणि म्हणतो, बघा, आधीपेक्षा वाईट झालं, औषधाने वाट लावली. त्याने तुलना चुकीच्या तारखेशी केलेली असते. औषधाने मूळ खराब केलं असा याचा अर्थ होत नाही.

आता तीन महिन्यांचा उशीर कुठून येतो. प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या फेरीत असतं. काही वर्षं केस वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ गुंडाळतो, मग साधारण तीन महिने तसाच टाळूत विश्रांतीला बसतो आणि शेवटी गळतो. एरवी सगळी मुळं वेगवेगळ्या वेळी हे करतात म्हणून रोज ५० ते १०० केस जातात आणि आपल्याला कळत नाही. मिनॉक्सिडिल विश्रांतीतल्या मुळांना लवकर कामाला लावतं आणि वाढीचा काळ लांबवतं. म्हणूनच सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत थोडी गळती होते, बसलेले जुने केस नव्या केसाला जागा देतात. आणि बंद केल्यावर उलटं. जी मुळं फक्त औषधाच्या जोरावर वाढत होती ती साधारण एकाच वेळी विश्रांतीला जातात. टाळूतून आत गेलेलं औषध चार दिवसांत शरीरातून जवळजवळ पूर्ण निघून जातं, पण ते केस तीन महिने डोक्यावर तसेच उभे असतात, बाहेरून काही फरक दिसत नाही. मग एका पंधरवड्यात एकदम निघायला लागतात. त्यावर पुन्हा मुद्दा असा की मिनॉक्सिडिल डीएचटी नावाच्या हार्मोनला हात लावत नाही, आणि वंशपरंपरेच्या टकलात मूळ बारीक करणारा तोच असतो, त्यामुळे जे केस परत येतात ते आधीइतके जाड येत नाहीत.

इथल्या मिहान औद्योगिक भागात काम करणारा एक पोरगा आमच्याकडून बाटली न्यायचा. ५ टक्के, सकाळ-संध्याकाळ १ मिली, दीड वर्ष नेमाने. टाळूच्या मागच्या चकतीवर चांगला फरक होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खाजेला कंटाळून सोडलं. मे मस्त, जून मस्त. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला आणि म्हणाला, भाऊ, काहून एवढे केस चालले काही समजत नाही. तोवर बायोटिनच्या गोळ्या, कांद्याचं तेल आणि नळाला लावायचं फिल्टर, तिन्ही घेऊन झालं होतं. कागदात गुंडाळून केस आणले होते, टोकाला पांढरा छोटा मणी असलेले पूर्ण केस, म्हणजे मुळातून विश्रांती संपवून गळलेले, मध्ये तुटलेले नाहीत. गळती जास्त मागच्या चकतीवर आणि कपाळाच्या कोपऱ्यांत, जिथं औषधाने काम केलं होतं तिथंच. तारखा जुळत होत्या. त्याला डॉक्टरकडे पाठवलं, ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं, सप्टेंबरमध्ये परत सुरुवातीची गळती झाली (त्याला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरला नाही), आणि फेब्रुवारीच्या आसपास चकती पुन्हा भरलेली दिसली. म्हणजे उन्हाळ्याच्या आरामाची किंमत, सोडल्यापासून धरली तर, जवळजवळ दहा महिने.

गळती गोल चकत्यांमध्ये असेल, टाळू लाल असेल, पू किंवा दुखणं असेल तर हा हिशोब लावत बसू नका, ते वेगळंच काहीतरी आहे, सरळ त्वचारोगतज्ज्ञ. आणि डेंग्यू किंवा टायफॉइडसारखा मोठा ताप आला असेल तर त्यानंतरही अशीच दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरची गळती होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असे पेशंट इथं खूप दिसतात. ज्यांना फक्त अशा तापानंतरच्या किंवा बाळंतपणानंतरच्या गळतीसाठी मिनॉक्सिडिल दिलं होतं, मूळचं टक्कल नव्हतंच, त्यांचं सोडल्यावर सहसा काही बिघडत नाही, कारण त्यांच्या मुळांना औषधाचा आधार लागतच नाही.

मग ब्रेक घ्यायचाच असेल तर. एक-दोन दिवस किंवा लग्नाचा आठवडा चुकला तर काही होत नाही, राहिलेला डोस दुप्पट करून मात्र लावू नका, त्याने फायदा नाही आणि औषध जास्त आत जातं. महिन्याच्या पुढं गेलात की जुलैवाली गोष्ट धरून चाला. हळूहळू कमी करत सोडलं तर गळती थोडी पसरून होईल कदाचित, पण शेवटची पातळी तीच. कारण फक्त खाज असेल तर आधी औषधाचं रूप बदलून बघा. बऱ्याचदा खाज मिनॉक्सिडिलची नसते, लोशनमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉलची असते, आणि फोममध्ये तो नसतो, शिवाय तो लवकर वाळतो त्यामुळे उन्हाळ्यात बरा पडतो.

कायमचं सोडायचं असेल तर पुरुषांनी डॉक्टरशी फिनास्टराइडबद्दल बोलावं, ते डीएचटीवर काम करतं, पण त्याचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, म्हणून ते आधी सुरू करून मग मिनॉक्सिडिल सोडायचं, उलट क्रमाने नाही. तेही आपल्या मनाने नाही, त्याचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत आणि घरात कोणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावायचा नसतो. सोडायच्या दिवशी एकाच उजेडात मागून, वरून, समोरून फोटो काढून ठेवा. त्याच महिन्यात क्रॅश डाएट सुरू करू नका, नाहीतर गळती कशाची हे कोणालाच सांगता येणार नाही.

काही वेळा मात्र प्लॅनिंगला जागा नसते. छातीत दुखणं, धडधड, पायाला किंवा चेहऱ्याला सूज, चक्कर, असं काही झालं तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे, केस नंतर. बाळाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरला विचारून सोडावं, आणि बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी जी नैसर्गिक गळती होते ती यात मिसळू शकते हे बायकांना कोणीतरी आधी सांगायला हवं, आमच्याकडे रडत आलेल्या बघितल्या आहेत. केसांसाठी कमी डोसची गोळी चालू असेल तर सुरू-बंद स्वतः करायचं नाही. आणि जे मोठ्या डोसमध्ये बीपीसाठीच घेतात त्यांनी तर केसांच्या कुठल्याही सल्ल्यावरून, या लेखावरूनसुद्धा, ती गोळी सोडायची नाही.

तो मिहानचा पोरगा यंदा मार्चमध्येच आला आणि उन्हाळ्यासाठी फोम घेऊन गेला.