केशरी फेटा मोरपंखी करताना

लग्नाची रंगसंगती मोरपंखी ठरलेली असते, नवरीचा शालू, मंडपाचे पडदे आणि करवल्यांच्या ओढण्या त्याच रंगाच्या असतात, आणि ऐन वेळी वरपक्षाकडचे चार-पाच जण केशरी फेटे बांधून उभे राहतात. अल्बम तयार करताना हे फेटे मोरपंखी करून देण्याची विनंती छायाचित्रकाराकडे हमखास येते. संगणकावर रंगछटेची पट्टी सरकवली की रंग क्षणात बदलतो, परंतु मिळणारा फेटा बहुतेक वेळा आतून दिवा लावल्यासारखा किंवा प्लॅस्टिकचा दिसतो. याचे कारण रंग आणि उजेड यांच्या नात्यात आहे.

संगणकावरच्या छायाचित्रातील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी नोंदवलेला असतो आणि प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या दरम्यान असतो. चांगल्या उजेडातला केशरी फेटा साधारण २५५, १५३, ५१ असा नोंदवला गेला आहे असे धरू. रंगछटेची पट्टी या रंगाला रंगचक्रावर फिरवते. केशरी ३० अंशांवर असतो; तो २४० अंशांवर नेला की आकडे ५१, ५१, २५५ असे होतात. गणिताच्या दृष्टीने या दोन्ही रंगांची ‘फिकटता’ सारखीच आहे, पण आपल्या डोळ्यांना ते मान्य नाही. डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणात हिरव्या प्रकाशाचा वाटा सुमारे ७२ टक्के, लाल प्रकाशाचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. आकडे आधी प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात बदलून घेतले, तर त्या हिशोबाने मूळ केशरी रंग पांढऱ्याच्या सुमारे ४४ टक्के उजळ भरतो, तर फिरवून मिळालेला निळा जेमतेम १० टक्के. तोच रंग १२० अंशांवरच्या हिरव्याकडे नेला, तर उजळपणा ७० टक्क्यांच्याही वर जातो. शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावर आणि शेरवानीवर पडलेला उजेड मात्र जसाच्या तसा राहतो, आणि म्हणून फेटा त्या छायाचित्रात बसत नाही.

यावर सुचणारा दुसरा उपाय म्हणजे उजळपणा मूळचाच ठेवून फक्त रंग बदलणे. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये थर मिसळण्याचा Color नावाचा प्रकार साधारण हेच करतो. पण गडद मोरपंखी कापड, उदाहरणार्थ ०, ९५, १०५ या आकड्यांचे, फक्त ९ टक्के उजळ असते. केशरीचा ४४ टक्के उजळपणा तसाच ठेवला तर मोरपंखी कधीच मिळणार नाही, फिकट आकाशी मिळेल. खरे कापड रंगवल्यावर ते किती उजेड परत पाठवते हेही बदलते, म्हणून रंगाबरोबर उजेडाचा हिशोबही नव्याने मांडावा लागतो.

कापडाच्या एखाद्या बिंदूवरून कॅमेऱ्यात येणारा प्रकाश म्हणजे तिथे पडलेला उजेड गुणिले कापडाची तो रंग परतवण्याची क्षमता. आपल्याला क्षमता बदलायची आहे, उजेड नव्हे. म्हणून आधी छायाचित्रातून फक्त उजेडाचा, म्हणजे फेट्याच्या घड्या, पीळ आणि तुऱ्याच्या चुण्या दाखवणारा, करडा नकाशा वेगळा काढायचा आणि मग त्याला नव्या रंगाने गुणायचे. हा नकाशा कुठून घ्यायचा, यावर सगळे काम अवलंबून आहे. केशरी कापडात लाल आकडा २५५ ला टेकलेला असतो. उन्हातल्या घडीचा माथा आणि त्याच्या शेजारचा उतार दोन्ही २५५ च, त्यामुळे लाल वाहिनीत, म्हणजे फक्त लाल आकड्यांच्या चित्रात, घड्या सपाट होतात. निळ्या वाहिनीत आकडे इतके लहान असतात की ते वाढवताच दाणेदारपणा वर येतो. उरते ती हिरवी वाहिनी. तिच्यात माथ्यावर १९०, सर्वसाधारण भागात १५३ आणि खोल घडीत ६० असे स्पष्ट फरक टिकून असतात.

हिरव्या वाहिनीच्या बाजूने आणखी एक सूक्ष्म कारण आहे. खोल घडीत प्रकाश कापडावरून कापडावर दोन-तीनदा आपटतो आणि प्रत्येक वेळी कापडाचा रंग अधिक घेतो. म्हणूनच केशरी फेट्याच्या घड्या काळपट होण्याऐवजी लालसर दिसतात. गडद कापडात हा आपटून येणारा प्रकाश लगेच विरतो आणि घड्या अधिक काळ्या पडतात. हिरव्या वाहिनीत सावल्या लाल वाहिनीपेक्षा जास्त गडद असतात, त्यामुळे त्या मोरपंखी कापडाला साजेशा ठरतात.

प्रत्यक्ष कृती अशी. फेट्याची कड हाताने आखून निवड करावी. रंगावरून आपोआप निवड करू नये, कारण आपल्या त्वचेची छटा केशरीच्या इतकी जवळ असते की कपाळ आणि कानही निवडीत येतात. फेट्यातली सोनेरी जर निवडीतून वगळावी, कारण तिची चमक धातूची असते आणि फेट्याचा रंग बदलला तरी ती सोनेरीच राहायला हवी. मग हिरव्या वाहिनीची करडी प्रत घेऊन, १५३ चा भाग जवळपास पांढरा होईल इतकी ती उजळावी, मात्र वरचे माथे एकदम कापले जाऊ नयेत यासाठी तिथला चढ मंद ठेवावा. तिच्यावर मोरपंखी रंगाचा थर Multiply प्रकाराने ठेवावा. १५३ च्या जागी आता ९५ आणि १०५ येतात, तर ६० च्या जागी सुमारे ३७ आणि ४१.

एवढे करूनही फेटा मखमलीसारखा निर्जीव वाटतो, कारण रेशमाची झळाळीही गुणाकारात काळवंडते. ही झळाळी धाग्याच्या पृष्ठभागावरून थेट परतलेली असते, तिला रंगद्रव्य शिवत नाही, आणि म्हणून ती जवळपास दिव्याच्याच रंगाची असते. मूळ छायाचित्रात जिथे झळाळी होती तिथे तिचा हलका पांढरट थर पुन्हा चढवावा लागतो. माझ्या मते हौशी कामात सगळ्यात जास्त वेळा राहून जाते ती हीच पायरी.

त्यानंतर भोवतालचे पाहावे. केशरी फेट्याचा उजेड कपाळाच्या वरच्या भागावर, कानांच्या पाळ्यांवर आणि नवरदेवाच्या मुंडावळ्यांच्या मोत्यांवर पडलेला असतो. छायाचित्र मोठे करून पाहिले तर प्रत्येक मोत्याच्या वरच्या अर्ध्या भागावर केशरी कमान दिसते. फेटा मोरपंखी आणि मोती केशरी, असे चित्र पाहणाऱ्याला दोष सांगता आला नाही तरी खटकतेच. तिथली केशरी छटा हलक्या हाताने कमी करावी. कपाळावर मोरपंखी झाक देऊ नये, कारण गडद कापड तितका उजेड परतवतच नाही.

कडेला केशरी रेघ उरते ती जेपेग प्रकारामुळे. अनेक जेपेग चित्रांत उजळपणा प्रत्येक बिंदूचा, तर रंग मात्र चार बिंदूंना मिळून एकच साठवला जातो, आणि कानाजवळच्या केसांत केशरी ओघळते. मेसेजमधून फिरत आलेल्या प्रतीत हा दोष वाढलेला असतो, म्हणून छायाचित्रकाराकडून मूळ रॉ फाइल मागून घ्यावी.

झिरझिरीत ओढणीला हीच रीत पुरत नाही. तिच्यातून खांदा आणि ब्लाउज दिसतात, म्हणजे तिथला रंग कापडाचा आणि मागच्या वस्तूचा मिळून झालेला असतो. एकेरी पदर, दुहेरी घडी आणि त्वचेवर टेकलेला भाग यांसाठी निवड वेगवेगळी करावी लागते.

काम जमले का, हे पाहण्यासाठी बदललेले चित्र कृष्णधवल करून त्याच उजेडात काढलेल्या खऱ्या मोरपंखी ओढणीच्या चित्राशेजारी ठेवावे. दोन्ही कापडे सारखी करडी दिसली पाहिजेत. उलट दिशेचे काम, म्हणजे गडद फेटा फिकट करणे, याहून कितीतरी अवघड आहे, कारण काळ्या घड्यांत कॅमेऱ्याने नोंदच केलेली नसते आणि उजळवल्यावर तिथे कापडाच्या जागी नुसते दाणे दिसतात.