जेंट्रिफिकेशन आणि जुन्या वस्तीतली माणसं : गिरणगावचं उदाहरण

जुन्या, कमी भाड्याच्या वस्तीत पैसेवाले लोक आणि बिल्डरचा पैसा यायला लागतो, जागेचे भाव चढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं हळूहळू बाहेर जातात, या सगळ्या प्रक्रियेला जेंट्रिफिकेशन म्हणतात. शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंचा, 1964 सालचा. लंडनच्या कामगार वस्त्यांमध्ये मध्यमवर्ग घरं घेऊन राहायला येत होता आणि मूळचे लोक निघून जात होते ते बघून त्यांनी तो वापरला. आपल्याकडे लोक एवढंच म्हणतात, "आता तिकडे सगळे टॉवर झाले."

मराठी माणसाला हे समजून घ्यायचं तर गिरणगाव बघावं, म्हणजे लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा हा पट्टा. फक्त लंडनपेक्षा एक मोठा फरक इथे लक्षात ठेवायचा. तिथे जुनीच घरं दुरुस्त करून नवे लोक राहायला आले, इथे आधी काम गेलं, मग जमीन गेली आणि मग चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि यातलं बरंचसं कायद्याच्या कलमांनी ठरवलं.

कामापासून सुरुवात करू. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, आणि संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि मागे राहिली शहराच्या मधोमध सुमारे 600 एकर जमीन. त्या जमिनीवर 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम 58 आलं. जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ऐकायला चांगलं होतं पण जुनी बांधकामं पाडली तरच हे वाटप लागू व्हायचं, म्हणून बऱ्याच ठिकाणी छपरं तशीच ठेवून आत ऑफिसं, दुकानं, हॉटेलं आली.

2001 मध्ये नियम बदलला आणि वाटप फक्त मोकळ्या जमिनीचं करायचं ठरलं. हे आकड्यात बघा. समजा गिरणी 15 एकरांची, त्यातल्या 12 एकरांवर शेड आणि इमारती, 3 एकर मोकळे. जुन्या नियमाने महापालिका आणि म्हाडाला पाच-पाच एकर मिळाले असते, नव्या नियमाने एक-एकच एकर. हायकोर्टाने 2005 मध्ये जनहित याचिकेवर या बदलाला चाप लावला होता पण सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये तो निकाल फिरवला. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी जी घरं झाली त्यांची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली, घरं 6,925 आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. पुढे पनवेलजवळ कोनची घरंही सोडतीत आली. म्हणजे घर मिळालं तरी ते गिरणगावात असेलच असं नाही, आणि हेसुद्धा विस्थापनच आहे, नुसतं घराची चावी हातात असलेलं.

आता चाळ. इथली खोली बहुतेक पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली, दीडशे-दोनशे फुटांची, भाडं भाडे नियंत्रण कायद्यामुळे महिना काहीशे रुपये, संडास गॅलरीच्या टोकाला. एवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नाही, इमारत खचत जाते, आणि आजूबाजूला मॉल-ऑफिसं आल्यामुळे खालच्या जमिनीचा भाव मात्र आभाळाला भिडतो. आज मिळणारं भाडं आणि त्याच जमिनीतून मिळू शकणारं उत्पन्न यातल्या फरकाला नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने 1979 मध्ये "रेंट गॅप" म्हटलं. गॅप पुरेशी रुंद झाली की बिल्डर येतो.

बिल्डर येतो तो विकास नियमावलीच्या कलम 33(7) खाली, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास. भाडेकरूला आताच्या नियमाने किमान 300 फुटांचं घर फुकट आणि मालकीचं, त्या बदल्यात बिल्डरला जास्तीचा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करायची मुभा, त्यातली घरं तो बाजारभावाने विकतो. कागदावर कोणीच विस्थापित होत नाही. मग माणसं जातात कुठे?

एक घर धरून चला, आकडे फक्त समजण्यापुरते. खोली वडिलांच्या नावावर, वडील गिरणीतून रिटायर, दोन भाऊ, दोघांचे संसार पोटमाळ्यासकट त्याच खोलीत. चाळ पाडायच्या आधी महिन्याचं भाडं देऊन सगळ्यांना बाहेर काढलं, पण त्या पैशात लालबागला काहीच मिळत नाही म्हणून ते डोंबिवलीला गेले. तीन वर्षं सांगितलेलं काम आठ वर्षं चाललं, मध्ये भाडं थकलं, तोवर पोरांच्या शाळा तिकडेच लागल्या. शेवटी बाविसाव्या मजल्यावर 300 फुटांचं घर मिळालं. आधी खोलीचा खर्च 400 रुपये होता, आता लिफ्ट, पंप, वॉचमन, प्रॉपर्टी टॅक्स मिळून पाच हजार. नियमात दहा वर्षांच्या मेंटेनन्ससाठी कॉर्पस फंड ठेवायची अट आहे, पण तो पुरला नाही किंवा संपला की बोजा रहिवाशांवरच. वडील गेले, घर एक आणि वारस दोन. दोघांना ते कापून घेता येत नाही, विकून मात्र वाटून घेता येतं, आणि त्या वाट्यात बदलापूर किंवा विरारला टू बीएचके येतो. घर विकलं, म्हणजे सही स्वतःची, चेक स्वतःच्या नावाचा, कोणी धक्का मारला नाही, आणि तरी लालबागमधलं एक घर संपलं. माझ्या मते गिरणगावातलं विस्थापन ओळखायची खूण हीच आहे. पुनर्वसन झालं का हा प्रश्न अपुरा आहे, ताबा मिळाल्यावर दहा वर्षांनी तेच कुटुंब तिथे राहतं का हे विचारलं पाहिजे.

आणि ज्यांचं नाव भाडेपावतीवरच नव्हतं त्यांना तर हिशोबात जागाच नसते. पोटभाडेकरू, खाटेवर राहणारे, कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या मंडळांनी घेतलेल्या गाळ्यांत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे ते, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया. पात्रता यादीत यांचं नाव येत नाही, म्हणून विस्थापितांच्या आकड्यातही येत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती सांगायलाच हवी. रात्री गॅलरीतून संडासाला जायचं, चार बादल्या पाण्यासाठी पहाटे उठायचं, हे चाळीतल्या बायकांनी जन्मभर काढलंय. स्वतःचा संडास आणि दार लावता येणारी खोली मिळाल्यावर त्या खुश असतील तर ते बरोबरच आहे. प्रत्येक जाणारा नाइलाजाने जातो असंही नाही. म्हणून फील्डवर्क करताना "चाळ चांगली होती का" हे विचारून फार काही हाती लागत नाही, "इथेच, परवडेल अशा खर्चात सोय मिळाली असती तर गेला असतात का" हे विचारा.

गेलेली माणसं मोजणं अवघड असतं कारण जनगणना जे आहेत त्यांना मोजते. तरी खुणा सापडतात. दहा वर्षांच्या अंतराच्या दोन मतदारयाद्या शेजारी ठेवून एकाच इमारतीतली आडनावं बघायची, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट किती वेळा ट्रान्सफर झाली ते विचारायचं, पालिकेच्या मराठी शाळेचा पट बघायचा. नावंसुद्धा खूण असतात, लोअर परळच्या टॉवरच्या जाहिरातीत "अप्पर वरळी" छापून यायला लागलं तेव्हा गिऱ्हाईक कोण आहे ते कळलंच. आणि भाद्रपदात एखाद्या जुन्या गणेश मंडळाच्या वर्गणीची वही मागून बघा. नाव आणि जुना खोली नंबर तोच असतो, आणि पुढे पेनने नवा पत्ता लिहिलेला, नालासोपारा, कल्याण, बदलापूर.