लिक्विडिटी-अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यू ॲट रिस्क (एल-व्हार)

मोठी पोझिशन विकायची वेळ आली तर भाव पडल्याने होणारं नुकसान अधिक विकताना स्प्रेडमध्ये, म्हणजे घेणाऱ्याचा भाव बिड आणि विकणाऱ्याचा भाव आस्क यांच्यातल्या फरकात, जाणारे पैसे, या दोन्हींची बेरीज म्हणजे एल-व्हार. साधा व्हार फक्त भाव किती पडू शकतो ते सांगतो, आणि तोही बहुतेक वेळा मिड भावावर, म्हणजे बिड आणि आस्कच्या बरोबर मधल्या आकड्यावर काढलेला असतो. आता मिडला घेणारा कुणी बसलेला नसतो, विकणाऱ्याला बिडच मिळते, म्हणून मिडपासून बिडपर्यंतचं अंतर, म्हणजे अर्धा स्प्रेड, नुकसानात धरायचा. उरलेला अर्धा घेतानाच देऊन झालेला असतो, त्यामुळे पूर्ण स्प्रेड धरला तर तो दोनदा मोजल्यासारखा होतो. उलट पोझिशनची किंमत आधीच बिडवर धरली असेल तर काहीच मिळवायचं नाही, तरीही मिळवलेलं असतं ही चूक एक्सेल शीटमध्ये बऱ्याचदा दिसते.

```
LVaR = VaR + ½ × V × s
s = (ask − bid) / mid
```

इथे V म्हणजे पोझिशनची मिड भावाने किंमत.

उदाहरण घेऊ. समजा सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबाकडे भोसरीतल्या एका छोट्या ऑटो पार्ट्स कंपनीचे ५०,००० शेअर आहेत, बिड ३९६, आस्क ४०४, मिड ४००, म्हणजे होल्डिंग २ कोटींचं. रोजची व्होलॅटिलिटी २.५% धरली तर ९९% खात्रीचा एका दिवसाचा व्हार २.३३ × २.५% × २ कोटी, म्हणजे साधारण ११.६५ लाख. स्प्रेड ८ रुपये म्हणजे २%, त्याचा अर्धा १%, २ कोटींवर २ लाख. एल-व्हार १३.६५ लाख, साध्या व्हारपेक्षा १७% जास्त. हेच २ कोटी एखाद्या मोठ्या, रोज धो-धो ट्रेड होणाऱ्या शेअरमध्ये असते आणि स्प्रेड ०.०५% असता तर फक्त ५,००० रुपये मिळवावे लागले असते, म्हणजे तिथे हा सगळा हिशोब केला काय नि नाही केला काय, सारखंच.

पण आजचा २% स्प्रेड धरून बसण्यात खरी गोम आहे. मार्केट कोसळतं तेव्हाच स्प्रेड फाकतो, आणि व्हार तर त्याच वाईट दिवसासाठी काढलेला असतो. म्हणून बांगिया, डीबोल्ड, शूअरमन आणि स्ट्रॉहेअर या चौघा अभ्यासकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी, आशियाई आर्थिक संकटानंतर मांडलेल्या पद्धतीत सरासरी स्प्रेडमध्ये त्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा काही पट मिळवतात आणि मग अर्धा करतात. हा पट २ ते ४.५ च्या दरम्यान घेतात, कारण स्प्रेड नॉर्मल कर्व्हप्रमाणे वागत नाही, मधूनच एकदम उडी मारतो. आपल्या शेअरचं स्प्रेडचं डेव्हिएशन ०.८% आणि पट ३ धरला तर २ + २.४ = ४.४%, अर्धा २.२%, म्हणजे ४.४ लाख, आणि एल-व्हार १६.०५ लाख. सरळ बेरीज करताना भाव आणि स्प्रेड दोन्ही एकाच दिवशी बिघडतात असं गृहीत धरलेलं असतं, म्हणून आकडा थोडा जास्त येऊ शकतो, पण माझ्या मते या बाजूला चुकलेलं बरं.

आता साइजचं बघा, कारण सूत्रात ती नुसती गुणाकारापुरती येते. ३९६ ची बिड कदाचित ४०० शेअरची असते, खाली ३९५ ला ९००, ३९३ ला आणखी थोडे, आणि ॲपवर दिसणाऱ्या पाच लेव्हल मिळूनही ६,००० शेअर भरत नाहीत. मग ५०,००० विकायला गेलं की आपणच भाव खाली ढकलतो. समजा सरासरी ३८९ मिळाले तर मिडपासून ११ रुपये गेले, म्हणजे ५.५ लाख, आणि अर्ध्या स्प्रेडने सांगितले होते २ लाख. म्हणून अर्धा स्प्रेड हा कमीत कमी खर्च समजायचा. मिडपासूनचा हा सगळा खर्च इम्पॅक्ट कॉस्टने मोजतात, निफ्टी ५० मध्ये येण्यासाठीसुद्धा १० कोटींच्या बास्केटवर ती सरासरी ०.५०% च्या आत असावी लागते. स्वतःचं मॉडेल तपासायचं तर प्रत्येक मोठ्या विक्रीत ऑर्डर ठरवली तेव्हाचा मिड आणि प्रत्यक्ष मिळालेली सरासरी यातला फरक लिहून ठेवायचा, तो सतत अर्ध्या स्प्रेडपेक्षा मोठा येत असेल तर साइजसाठी वेगळी रक्कम धरावी लागते, नाहीतर रोज थोडे थोडे विकायचे असं मानून व्हारच जास्त दिवसांचा काढायचा.

आणि शेअर लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव पडण्याच्या मर्यादेला, लागला की बिडच शिल्लक राहत नाही, नुसती विकणाऱ्यांची रांग असते. तिथे s काढताच येत नाही, काही शीट त्या दिवशी स्प्रेड शून्य धरतात आणि एल-व्हार चक्क कमी झालेला दाखवतात, त्यामुळे सर्किटचे दिवस डेटात आधी वेगळे काढून त्यांच्यासाठी किती दिवस अडकून पडू हा अंदाज स्वतंत्र करावा लागतो.